चार ऑप्शन, दोन खुनाचे, दोन सदोष मनुष्यवधाचे: नेमकं टिक कशावर करायचं

लॉ कॉलेज चौकात संध्याकाळी चहा घेत बसलेली जेएमएफसीची पोरं पाहिली की दर दुसऱ्या टेबलवर हाच वाद चालू असते, खून की सदोष मनुष्यवध. दोघांनी एकच चॅप्टर वाचलेला असते, दोघांच्या नोट्स सारख्या असतात, तरी एकानं दोन नंबर टिक केलेला असते आणि दुसऱ्यानं तीन. मी स्वतः तयारी करत होतो तेव्हा या एकाच टॉपिकवर टेस्टमध्ये सलग मार्क गेलेत, आणि दर वेळी उत्तर पाहिल्यावर वाटायचं की हे तर मला येत होतं! येत होतं ते व्याख्या पाठ म्हणायला, प्रश्न फोडायला येत नव्हतं. म्हणून जे पहिल्यांदाच या प्रश्नांना हात घालून राहिले त्यांच्यासाठी लिहितोय, एकच प्रश्न घेऊन, शेवटपर्यंत.

आधी कलमं एकदाच सांगून टाकतो म्हणजे मागे-पुढे व्हायला नको. जुन्या आयपीसीत सदोष मनुष्यवध २९९ आणि खून ३००. १ जुलै २०२४ पासून बीएनएस लागू आहे, तिथं सदोष मनुष्यवध कलम १०० आणि खून कलम १०१. खुनाची शिक्षा ३०२ होती ती आता १०३, आणि खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची ३०४ होती ती आता १०५. कसोट्या त्याच आहेत, म्हणून जुने निकाल तसेच चालतात. खुनाच्या चार प्रकारांना सगळे अजूनही जुन्या सवयीनं फर्स्टली, सेकंडली, थर्डली, फोर्थली म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

आता प्रश्न बघा. मी बनवलेला आहे, पण पेपरात येतात तसाच.

कळमना मार्केटमध्ये संत्र्याची गाडी खाली करायच्या पाळीवरून मनोज आणि किशोर या दोन हमालांची बाचाबाची होते. लोक सोडवतात, दोघं वेगळे होतात. पंचवीस मिनिटांनी मनोज सुरी घेऊन परत येतो, बेसावध उभ्या किशोरच्या पोटात समोरून जोरात एक वार करतो आणि निघून जातो, त्याला कोणी अडवत नाही. जखम चार इंच खोल, आतडं कापलेलं. त्याच रात्री ऑपरेशन होते, पण पोटात इन्फेक्शन पसरून तिसऱ्या दिवशी किशोर मरते. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर सांगतात की ही जखम निसर्गक्रमानं सामान्यतः मृत्यू घडवायला पुरेशी होती. मनोज म्हणतो, मला त्याला मारून टाकायचं नव्हतं, फक्त धडा शिकवायचा होता. मनोजनं कोणता गुन्हा केला?

(१) खून, कारण किशोरचा जीव घेण्याचा मनोजचा उद्देश सुरी आणण्यावरूनच निर्विवाद सिद्ध होतो.

(२) खून, कारण मनोजनं जी इजा करायचा उद्देश ठेवला ती इजा निसर्गक्रमानं सामान्यतः मृत्यू घडवायला पुरेशी होती.

(३) खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, कारण उद्देशित इजेनं मृत्यू घडण्याचा संभव होता, पण जीव घेण्याचा उद्देश नव्हता.

(४) खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, कारण पाळीच्या भांडणातून, रागाच्या भरात, एकच वार झाला.

वाचल्या वाचल्या बहुतेकांचं बोट (३) किंवा (४) वर जाते. एकच वार, भांडण, धडा शिकवायचा होता, तीन दिवसांनी मृत्यू, हे सगळं वाचून मनात हळूहळू सौम्य चित्र तयार होते. पेपर काढणाऱ्यानं ती वाक्यं त्याच्यासाठीच पेरलेली असतात.

पहिली पायरी: ऑप्शनचे दोन तुकडे करा. प्रत्येक ऑप्शनमध्ये "कारण" हा शब्द असते, त्याच्या आधी गुन्ह्याचं नाव, नंतर कारण. पेन्सिलनं तिथंच उभी रेघ मारा. नवीन माणूस आधी ठरवते की खून आहे का नाही, आणि मग उरलेल्या दोनमधून जे बरं वाटलं ते घेते. उलटं करा, गुन्ह्याचं नाव झाकून फक्त कारण वाचा. आता चार वेगवेगळी विधानं दिसतील. पहिलं म्हणते जीव घ्यायचा उद्देश होता, दुसरं म्हणते पुरेशी इजा, तिसरं म्हणते संभव असलेली इजा, चौथं अपवाद सांगते. म्हणजे हा प्रश्न खरं तर फर्स्टली, थर्डली, २९९ चा दुसरा भाग आणि ३०० चा चौथा अपवाद यांच्यातला आहे. एवढं दिसलं की अर्धं काम झालं, कारण आता वाचायचं काय ते कळते.

दुसरी पायरी: मृत्यू त्याच कृत्यानं झाला का. इथं फार वेळ घालवू नका. ऑपरेशन झालं, इन्फेक्शन झालं, तीन दिवस गेले, यानं साखळी तुटत नाही. कलमातच स्पष्टीकरण दिलेलं आहे की चांगले उपचार मिळाले असते तर मृत्यू टळला असता, तरीही इजा करणाऱ्यानंच मृत्यू घडवला असं समजायचं. आधीच आजारी माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर आणला तरी तेच. म्हणून "उपचारात उशीर झाल्यामुळे" असं कारण देणारा ऑप्शन दिसला की सहसा तो पहिल्यांदा काटायचा.

तिसरी पायरी खरी महत्त्वाची आहे, आणि इथंच सगळे घसरतात. प्रश्न असा विचारायचा की आरोपीला काय करायचं होतं, आणि इथं दोन वेगळे उद्देश आहेत हे डोक्यात पक्कं ठेवायचं. एक, जीव घ्यायचा उद्देश. दुसरा, अमुक अमुक इजा करायचा उद्देश. मनोज म्हणते मला मारायचं नव्हतं. ठीक आहे, मान्य करून टाका. पहिला उद्देश गेला समजा. पण पोटात सुरी खुपसायची होती का? हो, होती. हात चुकून लागला नाही, कोणी ढकललं नाही, किशोर अचानक फिरला नाही, समोरून जोरात पोटातच वार केला. म्हणजे ही इजा मनोजला करायचीच होती. थर्डलीला एवढाच उद्देश लागते.

मग पुढचा प्रश्न, ती इजा मृत्यू घडवायला पुरेशी होती का. आणि हा प्रश्न मनोजला विचारायचाच नाही! हे डॉक्टरला विचारायचं. मनोजला माहीत होतं की नाही, त्यानं तेवढा विचार केला होता की नाही, याचा इथं संबंध नाही. इजा करायचा उद्देश आरोपीच्या मनात शोधायचा आणि इजेचा पुरेसेपणा शरीरावर शोधायचा, या दोन वेगळ्या जागा आहेत.

ही मांडणी विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातली आहे, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे त्याआधी आपल्या नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस होते. मला हे कळलं तेव्हापासून सिव्हिल लाइन्समधून जाताना तो निकाल आठवल्याशिवाय राहत नाही. त्या केसमध्ये भाल्याचा एकच वार होता, पोटात, आतडी बाहेर आली होती, आणि माणूस दुसऱ्या दिवशी मेला. बचाव असा होता की एवढी गंभीर, मृत्यूला पुरेशी ठरणारी इजा करायचा उद्देश सिद्ध झालेला नाही. बोस साहेबांनी सांगितलं की उद्देश फक्त त्या इजेचा सिद्ध करायचा, ती इजा पुरेशी आहे की नाही ही पुढची वस्तुनिष्ठ चौकशी आहे. त्यांनी चार गोष्टी एकामागे एक तपासायला सांगितल्या: इजा झाली का, कशा प्रकारची झाली, तीच इजा करायचा उद्देश होता का म्हणजे ती चुकून झाली नाही ना किंवा दुसरीच काही करायची नव्हती ना, आणि शेवटी ती निसर्गक्रमानं पुरेशी होती का. खून कायम राहिला.

आपल्या प्रश्नाला हे लावा. इजा आहे. चार इंच खोल, पोटात, आतडं कापलेलं. तीच करायची होती. डॉक्टर म्हणतात पुरेशी. चारही हो, म्हणजे थर्डली, म्हणजे (२) उभा राहते.

पण उभा राहिला म्हणजे उत्तर झालं नाही, कारण (३) अजून जिवंत आहे, आणि (३) का चुकीचा हे नीट समजलं पाहिजे. नवीन पोरं म्हणतात (३) मध्ये लिहिलेलं खोटं आहे. अरे खोटं नाही ना ते! उद्देशित इजेनं मृत्यू घडण्याचा संभव होता, हे शंभर टक्के खरं आहे. जी इजा मृत्यूला पुरेशी आहे तिच्यात संभव तर आलाच. जसं एखादा माणूस फर्स्ट क्लासमध्ये पास झाला तर तो पास झाला हे खरंच आहे, पण निकाल काय लागला असं विचारलं तर नुसतं पास सांगून चालत नाही. सदोष मनुष्यवध ही मोठी टोपली आहे आणि खून तिच्या आतली छोटी टोपली, प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतोच पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. म्हणून "संभव" वाला ऑप्शन खरा असूनही तेव्हाच बरोबर, जेव्हा फॅक्ट्स "पुरेशी" पर्यंत पोचत नाहीत. इथं डॉक्टरच्या वाक्यानं त्या पोचल्या.

संभव आणि पुरेशी यात फरक किती? संभव म्हणजे मेला तर नवल नाही. पुरेशी म्हणजे सामान्यतः मरेलच, वाचला तर नवल. सुप्रीम कोर्टानं रायवरपू पुन्नय्याच्या १९७६ च्या निकालात हेच सांगितलं की दोन्ही कलमांतला फरक मृत्यूच्या शक्यतेच्या प्रमाणाचा आहे. आणि त्या केसमध्ये एक गोष्ट फार कामाची आहे. मारेकऱ्यांनी जाड काठ्यांनी फक्त हातपाय फोडले होते, डोक्याला नाही, छातीला नाही, एकोणीस जखमा. हायकोर्टानं शिक्षा ३०४ च्या दुसऱ्या भागात आणली होती, सुप्रीम कोर्टानं परत खून ठरवला. म्हणून "मर्मस्थानावर वार नव्हता, सबब खून नाही" असं कारण दिसलं तर लगेच भुलू नका, सगळ्या जखमा मिळून पुरेशा ठरू शकतात.

आता (१). हा सगळ्यात चिकट ऑप्शन आहे कारण गुन्ह्याचं नाव बरोबर आहे, खूनच आहे. सुरी आणली, परत आला, म्हणजे मारायलाच आला, असं म्हणता येत नाही का? म्हणता येते. कोर्टात सरकारी वकील म्हणतीलच. पण ऑप्शनमध्ये "निर्विवाद" लिहिलेलं आहे, आणि फॅक्ट्स काय सांगतात? एक वार केला, कोणी अडवलं नव्हतं, तरी दुसरा वार न करता निघून गेला. यावरून जीव घ्यायचाच होता हे वादातीत कसं होईल? म्हणजे (१) साठी एक उडी मारावी लागते, (२) साठी काहीच उडी लागत नाही, सगळं छापलेल्या फॅक्ट्समध्ये आहे. जिथं दोन ऑप्शनमध्ये गुन्हा सारखा आणि कारण वेगळं, तिथं ज्या कारणासाठी तुम्हाला स्वतःच्या मनानं कमीत कमी भर घालावी लागते ते घ्या. आणि निर्विवाद, केवळ, आपोआप, कधीही असे शब्द ऑप्शनमध्ये असले की त्यांच्याखाली रेघ मारायची सवय लावा, बरेचदा ऑप्शन त्या एका शब्दानंच पडते.

चौथी पायरी, अपवाद. अपवादाकडे शेवटी जायचं, आधी नाही. अपवाद म्हणजे खून सिद्ध झाल्यावर त्यातून खाली यायचा जिना, खूनच ठरला नसेल तर अपवादाची गरजच नाही. बरेच जण भांडण हा शब्द वाचून सरळ अपवादावर उडी घेतात आणि मग मधल्या पायऱ्या राहूनच जातात. चौथा अपवाद मिळायला अचानक झालेल्या भांडणावरून अचानक मारामारी पेटली पाहिजे, आधी ठरवलेलं नको, रागाच्या भरात झालेलं पाहिजे, आणि आरोपीनं गैरफायदा घेतलेला नको किंवा क्रूरपणे वागलेला नको. मनोजचं पहिलं भांडण अचानक होतं, मान्य. पण लोकांनी सोडवलं, पंचवीस मिनिटं गेली, तो जाऊन सुरी घेऊन आला, आणि बेसावध माणसावर वार केला. त्या वेळेला मारामारी चालूच नव्हती, एकतर्फी हल्ला होता. (४) मध्ये "एकच वार" हे शब्द जे टाकलेत त्यांनी अपवाद मिळत नाही, एकच वार हा अपवादाचा घटकच नाही. विरसा सिंगमध्येही एकच वार होता.

आणि इथं कोणी म्हणेल की मग प्रोव्होकेशन, म्हणजे गंभीर आणि अचानक चिथावणी, पहिला अपवाद? पाळीवरून शिवीगाळ झाली हे गंभीर धरायलाच कठीण, आणि अचानक तर राहिलंच नाही. नानावटी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच पाहिलं, बायकोनं सांगितल्यावर आरोपी घरातून निघाला, जहाजावर गेला, तिथून रिव्हॉल्व्हर मिळवलं, मग मयताच्या घरी गेला, मधे साधारण तीन तास गेले, तेवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो, म्हणून अपवाद नाकारला. अर्थात अमुक मिनिटं म्हणजे अपवाद गेला असा काही आकडा कायद्यात नाही. मधल्या वेळात आरोपीनं काय केलं ते बघायचं, शांत डोक्यानं करायची कामं केली का, हत्यार शोधलं का, वाट पाहिली का.

म्हणजे उत्तर (२).

पण हा एक प्रश्न सुटला म्हणून भागत नाही, पेपरात याचाच भाऊ येईल, एक फॅक्ट बदललेली असेल आणि ऑप्शन जवळपास तेच असतील. म्हणून याच प्रश्नात एकेक फॅक्ट बदलून बघू, मी असाच सराव केला आणि मला त्याचाच खरा फायदा झाला.

बदल पहिला. मनोज आणि किशोरची झटापट चालू आहे, तिसरा माणूस श्याम सोडवायला मधे पडते, वाकलेला असते, आणि त्या धांदलीत मनोजची सुरी श्यामच्या मांडीत लागते, मोठी रक्तवाहिनी कापली जाते, श्याम मरते. डॉक्टर परत म्हणतात इजा पुरेशी होती. आता पोरं पटकन थर्डली टिक करतात कारण "पुरेशी" दिसलं. थांबा. विरसा सिंगची तिसरी पायरी काय होती? तीच इजा, त्याच जागी करायचा उद्देश. हलत्या माणसाच्या मांडीत नेमकी तिथंच सुरी घालायची होती हे सिद्ध होत नाही. हरजिंदर सिंग विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९६८ च्या केसमध्ये जवळपास असंच होतं आणि सुप्रीम कोर्टानं खून काढून ३०४ चा पहिला भाग लावला. इथं "संभव" वाला ऑप्शन बरोबर. म्हणजे बघा, डॉक्टरचं वाक्य शब्दशः तेच आहे आणि उत्तर फिरलं, कारण आरोपीच्या मनातला भाग बदलला. म्हणून डॉक्टरचं वाक्य दिसलं की त्याच्या आधीची दोन वाक्यं परत वाचायची, वार कुठं मारायचा होता आणि कुठं लागला.

बदल दुसरा. सुरी नाही, हत्यारच नाही. मनोज किशोरला खाली पाडते, छातीवर गुडघा ठेवते, तोंडावर दोन-तीन बुक्क्या मारते, मेंदूत रक्तस्राव होऊन किशोर मरते. ज्यांनी जुन्या केसेस वाचल्या त्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण १८७६ ची मुंबई हायकोर्टाची गोविंदाची केस हीच आहे, तिथं अठरा वर्षांचा नवरा आणि पंधरा वर्षांची बायको होती, वाचताना पोटात कालवते. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी तिथं सांगितलं की जीव घ्यायचा उद्देश नाही आणि इजाही निसर्गक्रमानं पुरेशी म्हणावी अशी नाही, पण मृत्यूचा संभव होता, म्हणून सदोष मनुष्यवध. २९९ आणि ३०० शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची पद्धत तिथूनच चालत आली. इथं "पुरेशी" वाला ऑप्शन पडते, "संभव" वाला टिकते. पण बुक्की म्हणजे नेहमी सदोष मनुष्यवध असं पाठ करू नका, पडलेल्या माणसाचं डोकं वारंवार दगडावर आपटलं तर हत्यार नसूनही थर्डली लागू शकते.

बदल तिसरा. किशोरची पानथरी वाढलेली आहे, डॉक्टरनं जपायला सांगितलेलं, आणि हे मनोजला माहीत आहे. मनोज जीव घ्यायच्या नाही पण इजा करायच्या उद्देशानं तिथंच जोरात गुद्दा मारते, निरोगी माणूस मेला नसता, किशोर मरते. इथं थर्डली लागत नाही कारण सामान्य माणसाला ती इजा पुरेशी नाही. पण सेकंडली लागते, कारण या माणसाला या इजेनं मृत्यू संभवतो हे आरोपीला माहीत होतं. आणि मनोजला आजार माहीतच नसता तर सेकंडली गेली. जीव घ्यायचा किंवा निरोगी माणसाला मारक ठरेल अशी इजा करायचा उद्देशही नसेल, तर खूनही नाही. प्रश्नात आजाराचा उल्लेख आला की लगेच पुढं शोधायचं, आरोपीला माहीत होतं असं लिहिलंय का. लिहिलं नसेल तर माहीत नव्हतं असंच धरायचं, आपल्या मनानं शेजारीच राहत होते म्हणजे माहीत असेलच असं जोडायचं नाही.

फोर्थली या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, तिच्यात कोणाला इजा करायचा उद्देशच नसतो, फक्त जाणीव असते. कलमातलं उदाहरण म्हणजे गर्दीत विनाकारण भरलेली तोफ डागणं. एका ठराविक माणसाला ठराविक इजा करायची होती असे फॅक्ट्स असले तर फोर्थलीकडे जायचं कारण क्वचितच पडते. आणि जाणिवेचेही दोन मजले आहेत, नुसता संभव माहीत असला तर सदोष मनुष्यवध, इतकं धोकादायक की बहुतेक करून मृत्यू होणारच हे माहीत असलं आणि धोका पत्करायला काही सबब नसली तर खून. वांद्र्याला कार्टर रोडवर २००६ मध्ये दारू पिऊन चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण मेले, त्या अलिस्टर परेराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ३०४ चा दुसरा भाग कायम ठेवला, म्हणजे जाणीव होती असं धरलं, ते केवळ निष्काळजीपणाचं ३०४ अ मानलं नाही.

बदल चौथा, आणि हा मला सगळ्यात आवडते कारण यात एकच ओळ बदलते. पंचवीस मिनिटं काढून टाका. बाचाबाची चालू आहे, दोघं एकमेकांना मारून राहिले, किशोरनंही दोन लगावल्या, शेजारच्या पेटीवर संत्र्याची दोरी कापायची सुरी पडलेली, मनोजनं ती उचलली आणि एक वार केला, तीच जखम, तेच डॉक्टर. पायऱ्या परत चढा. मृत्यू त्यानंच झाला. इजा करायची होती. पुरेशी होती. थर्डली लागली, खून ठरला. आता अपवाद: अचानक भांडण आहे, मारामारी दोन्हीकडून आहे, आधी ठरवलेलं नाही, हत्यार तिथलंच हाती लागलेलं, एक वार करून थांबला, क्रूरपणा नाही. चौथा अपवाद मिळाला, खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. पण इथं ऑप्शनमध्ये बारीक काड्या करतात. एक ऑप्शन लिहितात "सदोष मनुष्यवध, कारण इजेनं मृत्यूचा फक्त संभव होता" आणि दुसरा "सदोष मनुष्यवध, कारण कृत्य अचानक भांडणाच्या अपवादात बसते". गुन्हा दोन्हीकडं सारखाच, पण पहिलं कारण चूक, कारण इजा पुरेशीच होती, आपण खाली आलो ते अपवादाच्या जिन्यानं आलो. किशोर निःशस्त्र होता म्हणून गैरफायदा झाला असं कोणी म्हणू शकते, आणि किती वार केले, पडल्यावरही मारलं का, यावर कोर्टंही वेगवेगळ्या बाजूला गेलीत, म्हणून प्रश्नात असे फॅक्ट्स असतील तर ते शोधून त्याखाली रेघ मारा, एका शब्दानं उत्तर पलटते.

डॉक्टरचं वाक्यच दिलं नसेल तर काय, हे मला नेहमी विचारतात. मग हत्यार कोणतं, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोरात, किती खोल, आणि किती वार, एवढ्यावरून ठरवायचं. छातीत सुरी मुठीपर्यंत गेली लिहिलं असेल तर डॉक्टरची वाट पाहायची गरज नाही. पण "काठीनं डोक्यावर एक मारली आणि आठ दिवसांनी मेला" एवढंच असेल, काठी जाड की बारीक, कवटी फुटली की नाही काहीच नसेल, तर "पुरेशी" आपल्या पदरचं घालू नका, तिथं "संभव" वर थांबा.

आणि शेवटचा ऑप्शनचा प्रकार, जिथं गुन्ह्याऐवजी शिक्षेचं कलम दिलेलं असते, ३०४ चा पहिला भाग की दुसरा, किंवा बीएनएसमध्ये १०५ चा. उद्देशानं केलेलं असेल, जीव घ्यायच्या किंवा मृत्यूचा संभव असलेली इजा करायच्या, तर पहिला भाग, फक्त जाणीव असेल तर दुसरा. वरच्या चौथ्या बदलात मनोज अपवादामुळे खुनातून सुटला तरी सुरी त्यानं जाणूनबुजून पोटातच खुपसली होती, म्हणून पहिला भाग. बीएनएसमध्ये या पहिल्या भागाला जन्मठेप, नाहीतर कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आणि दंड आहे, दुसऱ्याला दहा वर्षांपर्यंत आणि दंड. हा पाच वर्षांचा किमान आकडा आयपीसीत नव्हता, म्हणून जुन्या पुस्तकातून शिक्षा पाठ केली असेल तर तेवढी एक ओळ खोडून नवीन लिहून घ्या.